दोन कोटींचे माग: कर्ज काढायचं की शेअर द्यायचे? बरोबरीचा आकडा कसा काढावा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात हा हिशोब मी मांडला तेव्हा बाहेर मागांचा खडखडाट इतका होता की प्रत्येक आकडा दोनदा सांगावा लागत होता. समोर अण्णा होते, म्हणजे कारखान्याचे मालक, आणि शेजारी त्यांचा मुलगा. रेपियर माग घ्यायचे होते आणि खर्च 2 कोटी. बँक टर्म लोन द्यायला तयार होती. दुसरीकडे मुलाचे मामा पुण्याहून पैसे घालायला तयार होते, पण त्यांना बदल्यात कंपनीचे शेअर हवे होते.

मुलगा म्हणाला, "साहेब, यात विचार काय करायचा? बँकेला दरवर्षी 22 लाख व्याज द्यायचं. मामांना व्याजच नाही."

अण्णा लगेच म्हणाले, "बँकेचं कर्ज एकदा फेडलं की सुटलो. भागीदार घेतला की तो कायमचा घरात आला."

दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर होतं. मामांचे पैसे फुकट नव्हते, कारण ते नफ्यातला वाटा नेणार होते. आणि बँकेचं कर्ज स्वस्त आहे की महाग, हे नफा किती होतो त्यावर ठरणार होतं. नफ्याचा एक असा आकडा असतो की तिथे दोन्ही मार्गांनी दर शेअरमागे सारखीच कमाई हातात राहते. त्यालाच इंडिफरन्स पॉइंट म्हणतात. मी त्याला बरोबरीचा आकडा म्हणतो, कारण कारखान्यात बसून बोलताना तेच सोपं जातं. नफा त्याच्या वर असेल तर कर्ज फायद्याचं, खाली असेल तर शेअर फायद्याचे. तो आकडा कसा काढायचा, आणि काढल्यावर त्याच्यावर कितपत भरवसा ठेवायचा, ते या एकाच उदाहरणातून दाखवतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आधी कागदावर काय काय हवं

सगळे आकडे लाखांत घ्या, शेअरची संख्याही लाखांत. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. नफा लाखांत आणि शेअर नगांत धरले की ईपीएस, म्हणजे दर शेअरमागची कमाई, भलतीच येते. दोन्ही लाखांत असले की भागाकाराचं उत्तर सरळ रुपयांत मिळतं.

अण्णांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे आजचे शेअर 10 लाख. कंपनीवर 1 कोटीची सीसी, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी बँकेकडून उचललेली रक्कम आहे आणि तिचं व्याज 10 टक्क्यांनी वर्षाला 10 लाख. नवे पैसे हवेत 2 कोटी, म्हणजे 200 लाख. बँकेचा दर 11 टक्के, म्हणून नवं व्याज 22 लाख. मामांशी शेअरचा भाव ठरत होता 40 रुपये, म्हणजे 10 रुपये दर्शनी किंमत आणि 30 रुपये प्रीमियम. 200 लाखांना 40 ने भागलं की नवे शेअर येतात 5 लाख. कर 25 टक्के धरू. सवलती सोडून 22 टक्क्यांचा दर निवडणाऱ्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून 25.17 टक्के पडतो, त्यामुळे 25 धरल्याने फारसं बिघडत नाही.

एक आकडा अजून उरतो, आणि तोच सगळ्यात अवघड आहे: व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा. पुस्तकात त्याला ईबीआयटी म्हणतात. पुढे मी फक्त "कामाचा नफा" म्हणेन, म्हणजे माल विकून, सूत, मजुरी, वीज आणि घसारा वजा जाऊन उरलेला पैसा, बँकेचा आणि सरकारचा वाटा काढण्याआधीचा. अण्णांचा आजचा कामाचा नफा 60 लाख आहे.

बरोबरीचा आकडा

पुस्तकातलं समीकरण असं असतं की कर्जाच्या मार्गाने येणारी ईपीएस आणि शेअरच्या मार्गाने येणारी ईपीएस समोरासमोर मांडायची आणि त्यातून कामाचा नफा शोधायचा. ते समीकरण सोडवता आलंच पाहिजे. पण त्याआधी त्यामागची गोष्ट डोक्यात बसू द्या, मग समीकरण पाठ करावं लागत नाही.

मामांना 5 लाख शेअर दिले की एकूण शेअर होतात 15 लाख. म्हणजे मामा तिसऱ्या हिश्श्याचे धनी झाले. सीसीचं 10 लाख व्याज दोन्ही मार्गांत द्यायचंच आहे, ते बाजूला काढा. जे उरेल त्याचा एक तृतीयांश मामांचा. बँक मात्र उरलेलं बघत नाही. तिला 22 लाख हवेत, धंदा चालो वा न चालो. मग प्रश्न इतकाच राहतो की मामांचा एक तृतीयांश वाटा 22 लाखांइतका कधी होतो? उरलेला नफा 66 लाख असेल तेव्हा. त्यात सीसीचे 10 लाख मिळवा. उत्तर आलं 76 लाख.

कामाचा नफा 76 लाख असताना अण्णांना बँक आणि मामा सारखेच पडतात. 76 च्या वर गेलं की मामांचा वाटा फुगत जातो आणि बँक 22 वरच थांबते. 76 च्या खाली आलं की मामा कमी नेतात आणि बँक मात्र 22 लाख घेतेच.

ताळा करून बघू. 76 मधून 32 लाख व्याज वजा केलं की 44 लाख राहतात. कर देऊन 33 लाख. ते 10 लाख शेअरवर वाटले की दर शेअरला 3.30 रुपये. शेअरच्या मार्गाने 76 मधून 10 वजा म्हणजे 66 लाख, कर देऊन 49.50 लाख, ते 15 लाख शेअरवर वाटले की पुन्हा 3.30 रुपये. जुळलं. हा ताळा कधीही टाळू नका. दोन्हीकडची ईपीएस पैशापर्यंत जुळली नाही तर कुठेतरी एक आकडा चुकीच्या जागी गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो जुनं व्याज असतो. शेअरच्या मार्गातही जुनं व्याज द्यायचंच असतं, हे मांडताना हमखास राहून जातं.

कर दोन्ही बाजूंना सारखाच लागतो, म्हणून 76 वर कराच्या दराचा परिणाम होत नाही. कर 25 असो वा 30, बरोबरीचा आकडा तोच. ईपीएस मात्र बदलते. मामांना साध्या शेअरऐवजी प्रेफरन्स शेअर, म्हणजे ठरलेला लाभांश आधी मिळणारे शेअर, दिले असते तर ही सूट मिळाली नसती. तो लाभांश कर भरून उरलेल्या पैशातून जातो, म्हणून त्याला आधी (1 − कराचा दर) ने भागून मग व्याजाच्या जागी ठेवावं लागतं. 22 लाखांचा प्रेफरन्स लाभांश 25 टक्के करात 29.33 लाखांच्या व्याजाइतका जड पडतो.

एक्सेलमध्ये मांडायचं असेल तर B1 मध्ये जुने शेअर, B2 मध्ये जुनं व्याज, B3 मध्ये नवं व्याज, B4 मध्ये नवे शेअर, B5 मध्ये कराचा दर (25%) आणि B6 मध्ये कामाच्या नफ्याचा अंदाज टाका. खालच्या तीन ओळी अनुक्रमे बरोबरीचा आकडा, कर्जाची ईपीएस आणि शेअरची ईपीएस देतात.

```
=B2+B3*(B1+B4)/B4
=(B6-B2-B3)*(1-B5)/B1
=(B6-B2)*(1-B5)/(B1+B4)
```

76 नेमका कशामुळे ठरला

या आकड्याकडे अजून एका बाजूने बघता येतं, आणि माझ्या मते हीच बाजू नवशिक्याने आधी शिकावी. 76 लाखांवर कराआधीची कमाई दर शेअरला 4.40 रुपये होते. शेअर दिला 40 रुपयांना. 40 वर 4.40 म्हणजे 11 टक्के. बँकेचा दरही 11 टक्केच.

हा योगायोग नाही. बरोबरीचा आकडा म्हणजे असा नफा की ज्यावर 40 रुपयांचा शेअर कराआधी बँकेच्या दराइतकाच कमावतो. कंपनी त्याहून जास्त कमावत असेल आणि तरी शेअर 40 ला दिला, तर 11 टक्क्यांहून जास्त कमावणारी वस्तू 11 टक्क्यांच्या मोलात दिल्यासारखं झालं. म्हणून तिथे कर्ज बरं. याच्यातून आकडा काढायचा छोटा रस्ताही मिळतो: शेअरचा भाव गुणिले व्याजदर, गुणिले एकूण शेअर, अधिक जुनं व्याज. 4.40 गुणिले 15 म्हणजे 66, अधिक 10 म्हणजे 76.

हे कळल्यावर एक गोष्ट लगेच उघड होते. बरोबरीचा आकडा बँकेच्या दराइतकाच शेअरच्या भावावर उभा आहे. मामांनी भाव पाडून 25 रुपये केला तर 2 कोटींसाठी 8 लाख शेअर द्यावे लागतील, आणि बरोबरीचा आकडा 59.50 लाखांवर येईल. अण्णांचा आजचाच नफा 60 लाख आहे. म्हणजे 25 च्या भावात एक नवा माग न लावताही कर्ज सरस ठरतं. उलट मामांनी 80 रुपये भाव मान्य केला तर फक्त अडीच लाख शेअर द्यावे लागतात आणि आकडा 120 लाखांवर जातो. मग बहुतेक वर्षी मामाच परवडतील.

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचा भाव रोज पडद्यावर दिसतो. सोलापुरातल्या बहुतेक कारखानदारांच्या कंपन्यांचा भाव घरातल्या बैठकीत ठरतो. म्हणून नात्यातल्या माणसाशी बोलताना "किती पैसे घालणार" याच्याआधी "कोणत्या भावाने" हे विचारा. कंपनी बाहेरच्या माणसाला प्राधान्याने शेअर देत असेल तर कायद्याने नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतोच. तो अहवाल शेवटी सही करायला आणायचा कागद समजू नका. आधी मागवा, म्हणजे बोलणी त्या आकड्यावरून सुरू होतात. अण्णांना मी हेच सांगितलं आणि मेहुण्याशी भावावर बोलायचा संकोच त्यांना किती होता तेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण भाव न ठरवता 76 काढायला बसणं म्हणजे मापाशिवाय कापड कापणं.

अंदाजाचा आकडा कुठे फसतो

आता मुलाने पुढे केलेला कागद. नवे माग लागले की कामाचा नफा वर्षाला 125 लाख होईल, असा त्याचा अंदाज होता. 76 पेक्षा 49 लाख जास्त. त्याच्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

मी विचारलं, "यात नव्या मागांचा घसारा धरलाय का?" तो धरलेला नव्हता. घसारा खिशातून जात नाही म्हणून तो सोडून द्यायची सवय असते, पण ईपीएस घसारा वजा जाऊनच निघते. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रांचं आयुष्य 15 वर्षं धरलंय. 2 कोटींची 5 टक्के उरलेली किंमत सोडून सरळ भाग केला तर एका शिफ्टला वर्षाचा घसारा सुमारे 12.67 लाख. दोन शिफ्ट चालवल्या तर दीडपट, तिन्ही शिफ्ट चालवल्या तर दुप्पट. अण्णांचे माग रात्रीही चालतात, म्हणून सुमारे 25 लाख. 125 मधून 25 गेले की उरले 100 लाख.

100 वर कर्जाच्या मार्गाने ईपीएस 5.10 रुपये येते आणि शेअरच्या मार्गाने 4.50. आजची आहे 3.75. म्हणजे अजूनही कर्ज पुढे आहे, पण 49 लाखांची मोकळी जागा आता 24 लाखांची उरली.

24 लाख हा आकडा तसा ऐकायला बरा वाटतो. पण अण्णांना तो सांगून काही कळलं नसतं, कारण ते लाखांत विचार करत नाहीत, किलोत करतात. म्हणून आम्ही तो सुतात आणला. नवे माग धरून कारखान्याला महिन्याला सुमारे 30 टन सूत लागणार, म्हणजे वर्षाला 3,60,000 किलो. 24 लाखांना त्याने भागलं तर किलोमागे 6 रुपये 67 पैसे. म्हणजे सूत किलोला पावणेसात रुपयांनी महागलं आणि ती वाढ गिऱ्हाइकाकडून वसूल करता आली नाही, की कर्जाचा सगळा फायदा गेला. 10 रुपयांनी महागलं तर 36 लाख जातात आणि कामाचा नफा 64 वर येतो, 76 च्या बराच खाली.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पावणेसात रुपये तर एका महिन्यात हलतात."

त्यांच्या डोळ्यांपुढे 2022 होतं. त्या वर्षी मे महिन्यात 356 किलोच्या कापसाच्या खंडीने 1 लाख रुपये ओलांडले होते. ज्यांनी जुन्या दराने ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या त्यांना त्या तशाच पुऱ्या कराव्या लागल्या. निर्यातदारांच्या बाबतीत ऑगस्ट 2025 मधला धक्का अजून ताजा आहे, अमेरिकेने तेव्हा भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेलं होतं. बरोबरीच्या आकड्याला हे काही माहीत नसतं. तुमच्या धंद्यात नफा कशाने हलतो ते एकक शोधा आणि मोकळी जागा त्या एककात मांडा. चादरवाल्याला सूत, साखर कारखान्याला उतारा आणि साखरेचा भाव, हॉटेलवाल्याला खोल्यांची भरती. तिथे आल्याशिवाय 76 हा नुसता आकडाच राहतो.

मग मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद काढा आणि प्रत्येक वर्षाचा कामाचा नफा लिहा. जागेचं भाडं, ठेवीवरचं व्याज, जुनं यंत्र विकून आलेले पैसे हे त्यातून बाहेर काढा, कारण ते मागांनी कमावलेले नाहीत. वाईट वर्षात नफा चांगल्या वर्षाच्या किती टक्के उरला ते बघा. अण्णांच्या वह्यांत वाईटातल्या वाईट वर्षी तो चांगल्या वर्षाच्या सुमारे साठ टक्के होता. म्हणजे 100 च्या अंदाजातलं वाईट वर्ष 60 लाखांचं. 60 वर कर्जाची ईपीएस 2.10 आणि शेअरची 2.50. कर्जाने चांगल्या वर्षी 60 पैसे जास्त दिले आणि वाईट वर्षी 40 पैसे कमी. हे प्रमाण पटतं का, हा निर्णय मालकाचा असतो, हिशोब मांडणाऱ्याचा नाही.

पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर मात्र काहीच ठरवू नका. माग येईपर्यंत, बसेपर्यंत, कारागिरांचा हात बसेपर्यंत बरेच महिने जातात, आणि नवे शेअरही वर्षाच्या मध्येच वाटलेले असतात. तुलना नेहमी माग पूर्ण चालत असलेल्या एका वर्षाची करावी.

ईपीएसला जे दिसत नाही

व्याज ईपीएसमध्ये दिसतं, पण मुद्दल दिसत नाही. 2 कोटी सहा वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे म्हटलं तर वर्षाला 33 लाखांच्या वर मुद्दल जाणार. म्हणून दुसरी रेघ वेगळी काढावी लागते. वाईट वर्षी, म्हणजे कामाचा नफा 60 असताना, कर देऊन 21 लाख उरतात. त्यात घसारा परत मिळवा, नव्या मागांचा 25 आणि जुन्यांचा 10. झाले 56. त्यातून मुद्दल देऊन सुमारे 23 लाख राहतात. म्हणजे ईपीएसमध्ये कर्ज मागे पडलं तरी हप्ता थकत नाही. हप्त्यापुरताच पैसा उरेल अशी वेळ कामाचा नफा 30 लाखांच्या आसपास आला की येते.

तेव्हा रेघा दोन झाल्या. 76 च्या खाली कर्ज शेअरपेक्षा महाग पडतं. 30 च्या खाली ते कंपनीलाच बुडवू लागतं. या दोन रेघांची गल्लत करू नका. 76 च्या खाली एखादं वर्ष गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण उधारी लांबली, गिऱ्हाइकांकडून पैसे तीन-चार महिने अडकले, तर कागदावर उरलेले 23 लाख गल्ल्यात नसतात, ते उधारीच्या खात्यात असतात. बँकही कर्ज देताना हीच रेघ बघते. टर्म लोनचं व्याज आणि मुद्दल भरायला रोख किती पट आहे, याचा ती डीएससीआर काढते. अण्णांच्या वाईट वर्षात तो सुमारे 1.4 येतो, 100 लाखांच्या वर्षात सुमारे 1.95.

शेअरच्या बाजूचीही एक गोष्ट ईपीएस लपवते. एक तृतीयांश शेअर मामांकडे गेले की कंपनीचा कोणताही विशेष ठराव त्यांच्याशिवाय मंजूर होत नाही, कारण त्याला तीन चतुर्थांश मतं लागतात. मामा आज प्रेमाचे आहेत. उद्या त्यांचे शेअर त्यांच्या मुलांकडे जातील. हे आकड्यात बसवता येत नाही म्हणून ते हिशोबाच्या बाहेर राहतं, पण अण्णांच्या डोक्यात ते पहिल्या मिनिटापासून होतं आणि ते योग्यच होतं.

बँक पूर्ण रक्कम देत नाही तेव्हा

प्रत्यक्षात बँकेने सगळे 2 कोटी दिले नाहीत. यंत्राच्या किमतीतला काही भाग मालकाने घालावा अशी तिची अट असते. अण्णांच्या बाबतीत बँकेने दीड कोटी आणि मालकाचे 50 लाख असं सांगितलं. मुलगा हिरमुसला. त्याला वाटलं आता सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार.

तसं झालं नाही. 50 लाखांचे मामांकडून 40 च्या भावाने सव्वा लाख शेअर आणि दीड कोटी कर्ज अशी मांडणी केली. व्याज सीसी धरून 26.50 लाख, शेअर 11.25 लाख. 76 लाखांवर ईपीएस काढली तर पुन्हा 3.30 रुपयेच आली. भाव आणि दर तेच असतील तर कर्ज आणि शेअर कोणत्याही प्रमाणात मिसळा, बरोबरीचा आकडा हलत नाही, कारण तिथे दोन्हीकडचा पैसा 11 टक्क्यांचाच पडतो. मिसळण्याने फक्त चढ-उतार कमी होतो. 100 वर ईपीएस 4.90, 60 वर 2.23. पूर्ण कर्ज आणि पूर्ण शेअर यांच्या मधोमध कुठेतरी. आणि मामांकडे एक तृतीयांशाऐवजी नववा हिस्सा गेला.

अण्णांनी हेच घेतलं. कागदावर पूर्ण कर्ज 100 लाखांच्या वर्षी 20 पैसे जास्त देत होतं, तरीही. मला वाटतं त्यांनी बरोबर केलं. सुताचा भाव पावणेसात रुपयांनी हलणाऱ्या धंद्यात 20 पैशांसाठी सगळी जागा बँकेच्या बाजूला देण्यात अर्थ नव्हता.

ज्यांचा कारखाना भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर आहे, आणि आपल्याकडे असे कितीतरी आहेत, त्यांच्याकडे शेअर नसतात म्हणून ईपीएस नसते. पण गोष्ट तीच आहे. नवा भागीदार नफ्यातला किती हिस्सा मागतो ते शेअरच्या प्रमाणाच्या जागी ठेवा. त्याचा हिस्सा व्याजाइतका कधी होतो ते बघा. एक तृतीयांश मागत असेल तर 22 लाखांची तिप्पट, अधिक जुनं व्याज. भागीदाराला हिश्श्याशिवाय त्याच्या भांडवलावर व्याजही द्यायचं ठरलं असेल, तर तेवढी रक्कम 22 मधून आधी वजा करा आणि मग तिप्पट करा. तीही शेवटी मिळवायला विसरू नका, कारण ती उरलेल्या नफ्याच्या आधी जाते.

मंजुरीपत्र आल्यावर पुन्हा

बँकेचं मंजुरीपत्र आलं तेव्हा दर 11 नव्हता, 11.50 होता. अर्ध्या टक्क्याने काय होतं म्हणून कोणी ते कपाटात ठेवून देतं. पण 40 वर 11.50 टक्के म्हणजे 4.60, गुणिले 15 म्हणजे 69, अधिक 10. बरोबरीचा आकडा 79 झाला. मोकळी जागा 21 लाखांची उरली, आणि सुताच्या भाषेत किलोमागे 5 रुपये 83 पैसे.

शिवाय छोट्या उद्योगांची बदलत्या दराची कर्जं ऑक्टोबर 2019 पासून बाहेरच्या मानकाला जोडलेली आहेत, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला. रेपो अर्धा टक्का वाढला की अण्णांच्या उदाहरणात टर्म लोनमुळे बरोबरीचा आकडा 3 लाखांनी वर जातो, आणि सीसीही त्याच दराला जोडलेली असेल तर तिच्यामुळे आणखी 50 हजारांनी. त्यामुळे दर बदलल्याचं पत्र आलं की अण्णांचा मुलगा आता आधी B2 आणि B3 बदलतो, आणि मग नवा किलोचा आकडा सूत खरेदीच्या वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहितो. पेन्सिलीने, कारण तो पुसावा लागतो. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्या जागी कागद चांगलाच पातळ झाला होता.